भूमिका देऊन वाचनमंडळ: एका गोष्टीचे तीन तास, पायरी पायरीने

नववीचा वर्ग. एकच गोष्ट वाचून तिच्यावर चर्चा करायला चार-चार मुलांची मंडळं बसवली, प्रत्येकाला चर्चेतलं एक काम, म्हणजे एक भूमिका दिली, त्या कामाच्या चिठ्ठ्या भरून घेतल्या. मग मंडळात पहिल्याने आपली चिठ्ठी वाचली, दुसऱ्याने वाचली, तिसरीने वाचली, चौथ्याने वाचली. सात-आठ मिनिटांत मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, आमचं झालं!" आणि उरलेली वीस मिनिटं वर्ग सांभाळण्यात गेली.

वाचनमंडळ करून पाहिलेल्या बहुतेक शिक्षकांना हे चित्र ओळखीचं आहे. तिथे चर्चा झालेली नसते, चार छोटी भाषणं झालेली असतात. माझ्या वर्गात हे दोन वर्षं असंच चाललं होतं. मी चिठ्ठ्यांवरचे प्रश्न बदलत राहिले, भूमिका वाढवत राहिले, आणि काहीच सुधारलं नाही. चूक चिठ्ठीत नव्हती, क्रमात होती. मुलांनी गोष्ट वाचायच्या आधीच मी भूमिका देत होते, आणि चर्चा सुरू झाल्यावर चिठ्ठी हातातून काढून घेत नव्हते.

खाली दिलेला क्रम मुंबईतल्या मराठी माध्यमाच्या वर्गासाठी आहे: बेचाळीस मुलं, लांब बाकं, पस्तीस मिनिटांचा तास. मराठी ही मुलांची प्रथम भाषा आहे, आणि त्याने फार फरक पडतो. दुसऱ्या भाषेच्या वर्गासाठी केलेल्या भूमिका इथे जशाच्या तशा आणल्या की अर्ध्या निरुपयोगी ठरतात. एकूण वेळ लागतो तीन तासांचा, म्हणजे सरावाचा एक तास आणि नंतर एक जोडतास. शिवाय दुसऱ्या दिवशी लेखनासाठी पंधरा मिनिटं.

## १. गोष्ट निवडा

बाराशे ते पंधराशे शब्दांची गोष्ट घ्या. नववीतली मुलं ती मनात दहा-बारा मिनिटांत वाचतात, आणि त्याच तासात दुसऱ्यांदा वाचायलाही वेळ उरतो. पाठ्यपुस्तकातला पाठ शक्यतो घेऊ नका. त्याची उत्तरं गाईडमध्ये छापलेली असतात, आणि मुलं चर्चा करण्याऐवजी ती आठवत बसतात.

गोष्टीत काहीतरी न सांगितलेलं असायला हवं. घरी स्वतः वाचून एक प्रश्न काढा आणि त्याची दोन वेगळी उत्तरं लिहा. दोन्ही उत्तरांना गोष्टीतल्या ओळींचा आधार सापडला, तर गोष्ट चालेल. एकच उत्तर निघत असेल, किंवा शेवटी लेखकच तात्पर्य सांगून मोकळा होत असेल, तर मंडळात बोलण्यासारखं काही राहत नाही.

उदाहरण म्हणून मी वर्गासाठीच लिहिलेली एक छोटी गोष्ट घेते. पुढचं सगळं तिच्यावरच दाखवते. ती थोडक्यात अशी.

लालबागची चाळ. पहाटे साडेचारला गॅलरीच्या टोकाच्या नळाला पाणी येतं. बायका रात्रीच आपापले हंडे रांगेत लावून ठेवतात. बारा वर्षांची नात सांगते आहे: आजी आणि शेजारीण कित्येक वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत. एके पहाटे शेजारीण नळावर येत नाही. आजी तिचा हंडा तिच्या नंबरावर, स्वतःच्या आधी, नळाखाली सरकवते, भरते, आणि उचलून तिच्या उंबऱ्यावर ठेवते. कडी मात्र वाजवत नाही. तेवढ्यात पाणी जातं आणि आजीचा दुसरा हंडा अर्धाच राहतो. नात विचारते, "का भरलास?" आजी म्हणते, "नंबर तिचा होता." दुसऱ्या दिवशी शेजारीण नळावर येते. दोघी बोलत नाहीत. शेजारीण फक्त आपला हंडा वीतभर बाजूला घेते आणि आजीच्या हंड्याला जागा करते. गोष्ट संपते.

आजीने हे शेजारणीच्या काळजीपोटी केलं, की रांगेचा नियम म्हणून? दोन्ही बाजूंनी ओळी सापडतात. म्हणून ही गोष्ट चालते.

तपासा: परिच्छेदांना क्रमांक दिलेत का? दर पाचव्या ओळीला समासात आकडा घातलात का? हे राहून गेलं तर चर्चेत "कुठे आहे? कुठे आहे?" करत पानं उलटण्यात वेळ जातो. दोघांत एक प्रत पुरत नाही. प्रत्येकाला आपली प्रत हवी, कारण त्याच प्रतीवर पेन्सिलीने खुणा करायच्या आहेत.

## २. भूमिका चारच ठेवा

मंडळ चार जणांचं, आणि भूमिका चार: प्रश्नकर्ता, ओळवेचक, दुवा जोडणारा, शब्दपारखी. सहा जणांच्या मंडळात दोघं गप्प बसतात आणि ते लगेच लक्षातही येत नाही. बेचाळीस मुलांची चार-चारांची आठ आणि पाच-पाचांची दोन, अशी दहा मंडळं होतात. पाचव्या मुलासाठी नवी भूमिका काढू नका, त्या मंडळात शब्दपारखी दोन ठेवा.

सारांश सांगणारा आणि चित्र काढणारा या दोन भूमिका मी काढून टाकल्या. परक्या भाषेत सारांशाची गरज असते, कारण कुणाला काय कळलं हेच आधी ठरवावं लागतं. इथे गोष्ट सगळ्यांना समजलेली असते. सारांश ऐकताना बाकीचे तिघं कंटाळतात, आणि त्यातून "आम्हाला सगळं कळलंय, आता बोलायचं काय" ही भावना पक्की होते. चित्राचं म्हणाल, तर एक जण रंगवतो आणि तिघं बघत बसतात.

प्रश्नकर्ता तीन प्रश्न काढतो. मुलांच्या प्रश्नांत तीन जाती असतात आणि त्या नावानिशी शिकवाव्या लागतात. "आजीने हंडा कुठे ठेवला?" हा बोटाचा प्रश्न, कारण एका ओळीवर बोट ठेवलं की तो संपतो. "माणुसकी म्हणजे काय?" हा भाषणाचा प्रश्न. गोष्ट न वाचताही त्याचं उत्तर देता येतं. "आजीने कडी का वाजवली नाही?" हा गोष्टीचा प्रश्न. उत्तर एका ओळीत नाही, पण गोष्टीबाहेरही नाही. चिठ्ठीवर फक्त तिसऱ्या जातीचे प्रश्न हवेत.

ओळवेचक दोन ओळी निवडतो आणि परिच्छेद व ओळ क्रमांक लिहितो. अट एकच: दोनपैकी एक ओळ गोष्टीच्या पहिल्या अर्ध्यातली असली पाहिजे. ही अट नसेल तर दहाही मंडळांत "नंबर तिचा होता" हीच ओळ येते, आणि तिच्याबद्दल सगळे एकच वाक्य बोलतात.

दुवा जोडणारा गोष्टीतल्या एखाद्या प्रसंगाला बाहेरचं काहीतरी जोडतो: पाहिलेलं, ऐकलेलं, दुसऱ्या कुठल्या गोष्टीत वाचलेलं. इथे हमखास होणारी चूक म्हणजे मुलं बाहेर जातात आणि परतच येत नाहीत. "आमच्या इथेपण पहाटेच पाणी येतं" इथून सुरुवात होते आणि टँकर, पंप, सोसायटीची भांडणं, असं काहीही निघतं. म्हणून चिठ्ठीवर दोन ओळी छापते: "मला आठवलं की..." आणि त्याखाली "त्यामुळे गोष्टीतलं हे मला वेगळं दिसलं की...". दुसरी ओळ भरता आली नाही तर तो दुवा मंडळात मांडायचा नाही.

सावधान: घरातलं काही सांगायची सक्ती नको. अबोला, भांडण, पाण्याची तंगी हे काही मुलांच्या घरी त्याच आठवड्यात घडत असतं. "कुठेतरी पाहिलेलं किंवा ऐकलेलंही चालेल" हे सुरुवातीलाच मोठ्याने सांगा.

चौथी भूमिका शब्दपारखी. तिच्यासाठी पुढचा भाग स्वतंत्र ठेवला आहे, कारण मातृभाषेच्या वर्गात सगळ्यात जास्त चुकते ती हीच, आणि जमली तर सगळ्यात जास्त देतेही हीच.

## ३. शब्दपारखीला कठीण शब्द शोधायला लावू नका

"कठीण शब्द शोधा आणि अर्थ लिहा" असं सांगितलं की मूल गोष्टीत नजर फिरवून "उंबरा" आणि "वीतभर" उचलतं, समोर अर्थ लिहितं, आणि काम संपतं. पुढे बोलायला काही उरत नाही.

मातृभाषेत शोधायचा तो सोपा शब्द, जो या गोष्टीत नेहमीपेक्षा जास्त काम करतो. मी मुलांना एवढंच सांगते: असा शब्द शोधा की तो बदलून त्याच अर्थाचा दुसरा घातला तर गोष्ट बिघडेल. चिठ्ठीवर तीन रकाने असतात: शब्द, त्याच्या जागी घालून पाहिलेला शब्द, आणि काय बिघडलं.

या गोष्टीवर एका मुलीने "हंडा" हा शब्द घेतला होता आणि त्याच्या जागी "कळशी" घालून पाहिली. ती म्हणाली, कळशी कमरेवर घेऊन एका हाताने नेता येते. भरलेला हंडा सहज पंधरा किलोच्या वर जातो, तो उचलायला एरवी कुणीतरी हात लावतं. म्हणजे आजीने एकटीने तो उचलून शेजारणीच्या दारापर्यंत नेला, हे तिच्या वयाला किती जड गेलं असेल! गोष्टीत आजी दमली असं कुठेच लिहिलेलं नाही. त्या एका शब्दातून ते सगळ्या मंडळाला कळलं.

दुसरं उदाहरण "ती" या शब्दाचं. गोष्टीत आजी चाळीतल्या बाकीच्या बायकांबद्दल बोलताना "त्या" म्हणते, या एकाच शेजारणीबद्दल "ती". एका मुलाने "नंबर तिचा होता" च्या जागी "नंबर त्यांचा होता" असं म्हणून पाहिलं. मंडळातला एक जण लगेच म्हणाला, राग आहे म्हणून एकेरी. दुसरी म्हणाली, नाही, आपण एकेरी जवळच्या माणसालाच म्हणतो, म्हणजे आधी त्या मैत्रिणी असणार. मराठीत एकेरी अपमानाचंही असतं आणि मायेचंही. ही गोष्ट शिकवून समजावायला गेलं तर पुस्तकी होते. आपली भाषा बोलणाऱ्या मुलाला ती आतून माहीत असते, फक्त तिच्याकडे बोट दाखवावं लागतं.

मुंबईच्या वर्गात याला आणखी एक पदर आहे. एकाच बाकावर सिंधुदुर्गातल्या घरचं, साताऱ्याकडचं आणि खानदेशातलं मूल बसलेलं असतं. शब्दपारखीने "तुमच्या घरी याला काय म्हणतात?" असं विचारायला हरकत नाही, उलट विचारायलाच हवं. घागर, कळशी, हंडा हे वेगवेगळ्या घरांत वेगवेगळ्या भांड्यांसाठी वापरले जातात, आणि त्यावरून गोष्टीतलं भांडं नक्की केवढं, हा वाद होतो. हा वाद कामाचा आहे. फक्त घरच्या शब्दाला कुणी हसलं किंवा "शुद्ध शब्द सांग" असं म्हणालं, तर तिथेच थांबवा. एकदा हसं झालं की ते मूल त्या वर्षी मंडळात पुन्हा तोंड उघडत नाही, हे मी पाहिलं आहे.

तपासा: सरावाच्या तासात शब्दपारखीच्या चिठ्ठीत तिसरा रकाना रिकामा दिसला, किंवा त्यात नुसता "अर्थ बदलला" एवढंच असलं, तर भूमिका अजून पोचलेली नाही. पुढे जाऊ नका.

## ४. मंडळं तुम्ही पाडा, हजेरीपटाला पाडू देऊ नका

हजेरी क्रमांकाने चार-चार मुलं उचलणं सोपं, पण त्यात दोन बडबडे एका मंडळात येतात आणि चार अबोल दुसऱ्या. प्रत्येक मंडळात फार बोलणारा एकच असावा. ज्या मुलाला वाचायला वेळ लागतो त्याच्या शेजारी त्याचा मित्र हवा, आणि पहिलं वाचन त्या दोघांनी हळू आवाजात मिळून केलं तरी चालेल.

प्रश्नकर्ता कुणाला करायचं हे नीट ठरवा. वर्गातल्या पहिल्या नंबराला ही भूमिका द्यावीशी वाटते. पण दिली की ते मूल मंडळातलं बाई किंवा सर होऊन बसतं: प्रश्न विचारतं, उत्तर ऐकतं, "बरोबर" किंवा "चूक" सांगतं, पुढचा प्रश्न. बाकीचे तिघं तोंडी परीक्षा देतात. हुशार मुलाला ओळवेचक करा. प्रश्नकर्ता म्हणून असं मूल निवडा जे हळू वाचतं, पण वाचताना मध्येच थांबतं. मंडळाचा प्रमुख किंवा मॉनिटर अजिबात नेमू नका.

लांब बाकं असतील तर पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या बाकावरच्या मुलांनी मागे वळून बसायचं. बाक हलवायचा नाही. ही बैठक सरावाच्या तासालाच दोनदा करून घ्या, म्हणजे जोडतासात ती दीड मिनिटात होते.

## ५. सरावाचा तास: सगळ्यांनी एकच भूमिका करायची

चार भूमिका समजावून सांगितल्या आणि लगेच कामाला लावलं, की प्रत्येक मुलाला फक्त स्वतःची भूमिका कळते आणि तीही अर्धवट. म्हणून सरावात गोष्ट वापरायची नाही. आठ-दहा ओळींचा एखादा उतारा फळ्यावर लिहा किंवा प्रत द्या, आणि सगळ्या वर्गाने एका वेळी एकच भूमिका करायची.

आधी सगळे प्रश्नकर्ते. प्रत्येकाने एक प्रश्न काढायचा. दहा-बारा प्रश्न फळ्यावर घ्या आणि कुठला बोटाचा, कुठला भाषणाचा, कुठला गोष्टीचा हे मुलांकडूनच ठरवून घ्या. याला बारा मिनिटं लागतात आणि ती द्यावीच. मग सगळे शब्दपारखी, दहा मिनिटं. ओळवेचक आणि दुवा यांना चार-चार मिनिटं पुरतात. उरलेल्या पाच मिनिटांत तीन मुलांना पुढे बोलावून स्वतः त्यांच्यात चौथे म्हणून बसा, आणि बाकीच्या वर्गाला ते बोलणं बघू द्या. त्या पाच मिनिटांत एकदा तरी "मला असं वाटलं नव्हतं, पण तू म्हणतोस ती ओळ पाहिल्यावर वाटतंय" असं खरोखर म्हणा. स्वतःचं मत बदलणं म्हणजे हरणं नव्हे, हे मुलांनी कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलं असावं लागतं.

## ६. जोडतासाचा पहिला अर्धा: आधी गोष्ट, मग भूमिका

वाचन घरी देऊ नका. दुपारच्या शिफ्टची मुलं संध्याकाळी उशिरा घरी पोचतात, सकाळच्या मुलांची दुपार क्लासमध्ये जाते, आणि एका खोलीच्या घरात टीव्ही चालू असताना मनात वाचायला कोपरा मिळेलच असं नाही. घरी दिलं की दहा मंडळांत प्रत्येकी एक तरी न वाचलेलं मूल असतं, आणि तेवढ्याने मंडळ बसतं.

पहिली बारा मिनिटं सगळ्यांनी गोष्ट मनात वाचायची. हातात पेन्सिल नाही, चिठ्ठी नाही, आपली भूमिका कुठली हेही माहीत नाही. हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा क्रम आहे. भूमिका आधी दिली तर शब्दपारखी शब्द शोधत पळतो, ओळवेचक शेवटचा परिच्छेद आधी उघडतो, आणि गोष्ट कुणीच वाचत नाही. मग चर्चेत आजी का गप्प होती असं विचारलं की मूल आपल्या चिठ्ठीकडे बघतं.

वाचून झाल्यावर तीन मिनिटं पूर्ण शांतता. प्रत्येकाने प्रतीच्या मागे एकच वाक्य लिहायचं: "मला कळलं नाही की..." हे वाक्य लगेच कुणाला दाखवायचं नाही. पण चर्चा अडली की बहुतेक वेळा तेच उपयोगी पडतं.

आता चिठ्ठ्या वाटा. ए-फोर कागदाचा अर्धा पुरेसा आहे. मोठा कागद दिला की मुलं तो भरण्यामागे लागतात. पंधरा मिनिटं दुसरं वाचन आणि चिठ्ठी भरणं. वाक्यं पूर्ण लिहायला लावू नका, मुद्द्याच्या शब्दांत लिहू द्या. पूर्ण वाक्य लिहिलेलं असलं की मूल ते वाचून दाखवतं. तुटक शब्द लिहिलेले असले की त्याला बोलावंच लागतं.

तपासा: तिसाव्या मिनिटाला वर्गातून एक फेरी मारा. ज्या चिठ्ठीवर ओळ क्रमांक नाही ती तिथल्या तिथे परत द्या.

## ७. चर्चा: पंचवीस मिनिटं

सुरुवात ओळवेचकाने करायची, प्रश्नकर्त्याने नाही. प्रश्नाने सुरुवात झाली की उत्तरांची स्पर्धा लागते. ओळ मोठ्याने वाचली की सगळ्यांच्या माना एकदम कागदाकडे वळतात. नियम असा: ओळ वाचायची, पण ती का निवडली हे लगेच सांगायचं नाही. आधी बाकीचे तिघं बोलणार, निवडणारा शेवटी. या एका नियमाने पाळीपाळीने वाचून दाखवणं जवळजवळ थांबतं, कारण बाकीच्यांकडे त्या ओळीबद्दल लिहून आणलेलं काही नसतं.

मागच्या वेळी एका मंडळाजवळ उभी राहून मी जे टिपलं ते असं. ओळवेचकाने दुसऱ्या परिच्छेदातली ओळ वाचली: "रांगेत माणसं नसतात, हंडे असतात."

शब्दपारखी म्हणाला, "म्हणजे माणूस झोपलेला असला तरी त्याचा नंबर लागतो."

प्रश्नकर्ती म्हणाली, "मग शेजारीण आली नाही, पण हंडा होता ना रांगेत?"

चौघांनी कागद पाहिला. चौथ्या परिच्छेदात होतं: हंडे रात्रीच लावतात. दुवा जोडणारा सावकाश म्हणाला, "म्हणजे रात्री ती बरी होती. रात्री येऊन हंडा लावून गेली."

"म्हणजे आजीला कळलं असणार की रात्रीत काहीतरी झालंय."

"मग काळजी होती, तर कडी का नाही वाजवली?"

"वाजवली असती तर बोलावं लागलं असतं."

त्यानंतर मंडळ काही क्षण गप्प राहिलं. चौघांपैकी कुणाच्याही चिठ्ठीवर यातलं काही नव्हतं, फक्त ओळ होती. मी स्वतः ही गोष्ट लिहिली आहे, आणि रात्री लावलेल्या हंड्यावरून आजीला शंका आली असेल हे माझ्याही ध्यानात नव्हतं.

ओळीनंतर शब्द, मग प्रश्न, आणि शेवटी दुवा. दुवा आधी आणला तर मंडळ गोष्टीबाहेर जातं आणि परत यायला वेळ उरत नाही. बारा मिनिटं झाली की टाळी वाजवा: सगळ्यांनी चिठ्ठ्या पालथ्या घालायच्या. तोपर्यंत ज्या भूमिकेची पाळी आली नसेल तिने आठवणीतून बोलायचं. पहिल्यांदा मुलं गोंधळतात आणि वर्ग अर्धा मिनिट शांत होतो. ती शांतता मोडू नका.

या वेळात तुमचं काम फिरण्याचं आणि वहीत टिपण्याचं आहे. कुठल्याही मंडळात बसू नका. तुम्ही बसलात की चारही चेहरे तुमच्याकडे वळतात. कुणी विचारलंच, "बाई, आजीला राग होता का?" तर उत्तर एकच: "कुठल्या ओळीवरून वाटतं?" आणि पुढच्या मंडळाकडे चालू लागा.

काय बिघडलंय ते कानांनीच कळतं. एकाच मुलाचा सलग आवाज येत असेल तर तिथे चिठ्ठी वाचली जाते आहे. "तुझं झालं का? आता तू" ऐकू आलं तर पाळी चालली आहे. अशा मंडळाची चिठ्ठी बारा मिनिटांची वाट न बघता लगेच पालथी घाला. "पण", "नाही रे", "थांब, इथे बघ" असं ऐकू येत असेल तर आवाज थोडा चढला तरी राहू द्या. "बाई, झालं" म्हणणाऱ्या मंडळाला नवा प्रश्न देऊ नका. पहिल्या वाचनानंतर प्रतीमागे लिहिलेलं "मला कळलं नाही की..." हे वाक्य चौघांनी वाचायचं आणि त्यातलं एक निवडायचं.

जोडतासाच्या उरलेल्या पंधरा मिनिटांपैकी दहा मिनिटांत सगळ्या वर्गाला एकत्र घ्या. दहाही मंडळांना "तुमचं सांगा" म्हणू नका, पुन्हा भाषणं सुरू होतील. वहीत टिपलेल्यांपैकी परस्परविरोधी दोनच मतं निवडा, ती मांडणाऱ्या मंडळांना बोलवा आणि बाकीच्यांना फक्त ओळ दाखवून बाजू घ्यायला सांगा. शेवटची पाच मिनिटं बाकं सरळ बसवायला लागतात.

## ८. लेखन आणि गुण

चिठ्ठीला गुण देऊ नका. गुण दिले की पुढच्या वेळी चिठ्ठी सुवाच्य, सुंदर आणि निर्जीव येते.

दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटांत प्रत्येकाने आठ-दहा ओळी लिहायच्या: आजीने हंडा का भरला? कृतिपत्रिकेतल्या स्वमताच्या कृतीला लागतं तेच हे लेखन आहे, पण इथे दोन अटी आहेत. गोष्टीतली एक तरी ओळ आधाराला हवी, आणि मंडळातल्या दुसऱ्या कुणाचं तरी एक म्हणणं, ते पटलं असो वा नसो, त्याच्या नावासह यायला हवं. पाच गुणांपैकी दोन ओळीच्या आधाराला, दोन दुसऱ्याच्या म्हणण्याला दिलेल्या उत्तराला, एक भाषेला. दुसऱ्याचं म्हणणं ज्यांना आठवत नाही त्यांच्या मंडळात काय झालं असेल हे लगेच कळतं. एका मंडळातल्या चौघांनाही आठवलं नाही, तर पुढच्या गोष्टीला ते मंडळ मोडून नवं करा.

## ९. पुढच्या गोष्टीला काय बदलायचं

दुसऱ्या गोष्टीला मंडळं तीच, भूमिका एकेक घर पुढे. तीन-चार आठवड्यांत एक गोष्ट, एवढाच वेग ठेवा. दर आठवड्याला केलं की दुसऱ्याच महिन्यात मुलं ठरलेली वाक्यं बोलू लागतात.

मूल गैरहजर असेल तर त्याची भूमिका दुसऱ्याला जोडून देऊ नका, ती रिकामी राहू द्या. तिघांचं मंडळ छान चालतं. दोघंच उरले तर त्यांना शेजारच्या मंडळात बसवा.

चौथ्या गोष्टीपासून चिठ्ठी कोरी द्या. वर भूमिकेचं नाव नाही, रकाने नाहीत. मुलांनी फक्त ओळ क्रमांक आणि दोन-चार शब्द टिपायचे. भूमिकांच्या चिठ्ठ्यांची पद्धत ज्यांच्यामुळे जगभर पसरली त्या हार्वे डॅनियल्स यांनीही पुढे बजावलं होतं की चिठ्ठ्या तात्पुरत्या आहेत आणि त्या यांत्रिक होऊ शकतात. माझ्या वर्गात कोरी चिठ्ठी मिळाल्यावरही प्रत्येक मंडळात कुणीतरी आपोआप विचारतं, "हा शब्द काढून दुसरा घालून बघू का?" ते विचारणारं मूल दर वेळी शब्दपारखी राहिलेलंच असतं असं नाही. कोऱ्या चिठ्ठीवर एखादं मंडळ अडलं, तर फक्त त्याच मंडळाला पुढच्या गोष्टीसाठी छापील चिठ्ठ्या परत द्या आणि बाकीच्या नऊ मंडळांना कोऱ्याच ठेवा.